जोडताऱ्यांचं वजन कसं काढायचं : व्याध आणि त्याचा सोबती

एकट्या ताऱ्याचं वस्तुमान थेट मोजायची सोय जवळजवळ नसतेच. त्याचा रंग कळतो, तेज कळतं, तापमान काढता येतं, पण त्यात द्रव्य किती आहे हे त्याच्या प्रकाशावर लिहिलेलं नसतं. ते कळायला त्याने दुसऱ्या कशाला तरी ओढताना दिसावं लागतं. म्हणून दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर ती जोडी खगोलशास्त्रात फार मोलाची. इतर ताऱ्यांची वस्तुमानं आपण ज्या अंदाजांवरून सांगतो, ते अंदाज शेवटी अशा जोड्यांवरच तपासून घेतलेले असतात.

या लेखात एकच जोडी घेऊन शेवटपर्यंत जाऊ : व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्याला चिकटून असलेला मंद सोबती. त्यांना व्याध-अ आणि व्याध-ब म्हणू. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराइतकंच आहे. चुका होतात त्या गणितात नाही, कोणता आकडा कुठे घालायचा यात होतात. त्यामुळे मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

नियम काय सांगतो

केप्लरने १६१९ मध्ये तिसरा नियम मांडला तो ग्रहांसाठी : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककात (पृथ्वी आणि सूर्य यांचं सरासरी अंतर म्हणजे १ खगोलीय एकक) घेतलं, तर प्रत्येक ग्रहासाठी दोन्ही आकडे सारखेच येतात. हे असं का, ते न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणामुळे कळलं, आणि त्यातच नियमाची लपलेली बाजू उघड झाली. दोन आकडे सारखे येतात कारण मध्ये सूर्य आहे, आणि त्याचं वस्तुमान आपण १ धरलेलं आहे. मध्ये दुसरं काही असेल तर नियम असा लिहावा लागतो :

M = a³ ÷ P²

इथे P हा वर्षांत मोजलेला प्रदक्षिणाकाळ, a हा खगोलीय एककात मोजलेला कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (लंबवर्तुळाच्या लांब अक्षाचा अर्धा भाग), आणि M हे सूर्याच्या पटीत आलेलं वस्तुमान.

पण M कोणाचं? दोघांचं मिळून. ग्रहांच्या बाबतीत हे लक्षात येत नाही, कारण सगळ्यात जड ग्रह गुरू, आणि तोही सूर्याच्या सुमारे हजाराव्या भागाएवढाच. जोडताऱ्यांत मात्र दोघेही तोलामोलाचे असतात. दोघेही मधल्या एका समाईक बिंदूभोवती, गुरुत्वमध्याभोवती, फिरतात. आपण एकाला स्थिर मानून दुसरा त्याच्याभोवती फिरताना पाहिला, तर नियम त्या दोघांची बेरीज देतो. बेरजेची वाटणी कशी करायची हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळं निरीक्षण लागतं. नव्याने शिकणारे बरेच जण इथे बेरजेलाच मुख्य ताऱ्याचं वस्तुमान समजून मोकळे होतात.

पहिली पायरी : प्रदक्षिणाकाळ

व्याधाच्या जोडीचा प्रदक्षिणाकाळ ५०.१ वर्षं आहे. हा आकडा पक्का आहे, कारण सोबती सापडल्यापासून तीन प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या आहेत. ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतल्या अल्वन ग्रॅहम क्लार्क याने नव्याने घडवलेल्या साडेअठरा इंची भिंगाच्या दुर्बिणीची परीक्षा घेताना तो पाहिला. तो तिथे आहे हे मात्र त्याआधीच कळलेलं होतं. ती गोष्ट पुढे वाटणीच्या वेळी लागेल.

P² = ५०.१ × ५०.१ = २५१०. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

दुसरी पायरी : कोनातलं अंतर खगोलीय एककात आणणं

दुर्बिणीतून दोन ताऱ्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये दिसत नाही, कोनात दिसतं. हा कोन फार लहान असतो, म्हणून तो आर्कसेकंदात मोजतात. एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद होतात. व्याधाच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष ७.५० आर्कसेकंद आहे.

याचे खगोलीय एकक करायला अंतर लागतं, आणि इथे पुष्कळ जण प्रकाशवर्षांच्या आडवळणाने जातात. त्याची गरज नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचे तारे मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हलताना दिसतात. त्या हालचालीचा अर्धा कोन म्हणजे पराशय. व्याधाचा पराशय ०.३७९ आर्कसेकंद आहे. आता हेच उलट बाजूने पाहा. व्याधापाशी उभं राहून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर पाहिलं, तर ते ०.३७९ आर्कसेकंदाएवढं दिसेल. म्हणजेच आपण इथून पाहताना व्याधाच्या अंतरावर ठेवलेलं १ खगोलीय एकक ०.३७९ आर्कसेकंदाएवढं दिसतं. पराशय हीच आपली मोजपट्टी. मग फक्त भागाकार उरतो :

a = ७.५० ÷ ०.३७९ = १९.८ खगोलीय एकक

दोन्ही कोन एकाच एककात आहेत याची खात्री करून घ्या. पराशय बहुतेक सूचींत मिलिआर्कसेकंदात, म्हणजे आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागात दिलेला असतो. व्याधासाठी तिथे ३७९ असं काहीतरी दिसेल. ते तसंच घातलं तर a हजारपट लहान येतो आणि वस्तुमान अब्जपट कमी. इतकी मोठी चूक लगेच ओळखू तरी येते. खरी फसवी चूक पुढे आहे.

तिसरी पायरी : आज दिसतं ते अंतर a नव्हे

समजा तुम्ही या वर्षांत चांगल्या दुर्बिणीतून व्याध पाहिला आणि दोघांमधलं अंतर मोजलं. ते सुमारे ११ आर्कसेकंद येतं. हाच a समजून नियमात घातला तर a = २९ खगोलीय एकक, आणि एकूण वस्तुमान ९.७ सूर्य. हीच मोजणी १९९३च्या सुमारास केली असती तर अंतर अडीच आर्कसेकंदाच्या आसपास मिळालं असतं आणि उत्तर आलं असतं ०.११ सूर्य. त्याच दोन ताऱ्यांचं वजन तीस वर्षांत जवळजवळ नव्वदपट बदललं असं म्हणावं लागेल! घनाची ही करामत आहे. अंतरातली चूक उत्तरात तीनदा गुणली जाते.

या फरकामागे दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेणं गरजेचं आहे.

पहिलं कारण, कक्षा गोल नाही. व्याधाच्या कक्षेची उत्केंद्रता ०.५९ आहे, म्हणजे लंबवर्तुळ बरंच चपटं आहे आणि एक तारा त्याच्या मध्यावर नसून एका बाजूला, नाभीपाशी आहे. त्यामुळे दोघांमधलं खरं अंतर ८.१ ते ३१.५ खगोलीय एकक इतकं बदलत राहतं. आपल्या सूर्यमालेत ठेवून पाहिलं तर जवळ असताना सोबती शनीच्या कक्षेच्या थोडा आत येतो आणि दूर असताना नेपच्यूनच्या थोडा पलीकडे जातो.

दुसरं कारण, कक्षा आपल्याकडे तोंड करून नाही. ती आकाशाच्या पडद्याशी साधारण ४४ अंशांनी कललेली आहे, आणि आपल्याला दिसते ती तिची सावली. म्हणून "सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दिसलेल्या अंतरांची सरासरी घेतो" ही युक्तीही चालत नाही. ११ आणि २.५ यांची सरासरी ६.७५ आर्कसेकंद. त्यावरून एकूण वस्तुमान २.२५ सूर्य येतं, खऱ्यापेक्षा चौथ्या हिश्शाहून जास्त कमी. कलण्यामुळे दिसणारं अंतर खऱ्यापेक्षा आखूडच होऊ शकतं, लांब कधीच नाही. त्यामुळे ही चूक एकाच दिशेने ओढते.

मग कलणं ओळखायचं कसं? मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. आलेखकागदाच्या मधोमध मुख्य ताऱ्याचा ठिपका काढा. वेगवेगळ्या वर्षी मोजलेलं सोबत्याचं अंतर आणि उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला दिशाकोन घेऊन सोबत्याचे ठिपके मांडा. पुरेशी वर्षं झाली की त्यातून लंबवर्तुळ उमटतं. कललेल्या लंबवर्तुळाची सावलीही लंबवर्तुळच असते, म्हणून नुसत्या आकारावरून काही कळत नाही. पण मुख्य तारा या दिसणाऱ्या लंबवर्तुळाच्या नाभीवर बसत नाही, भलत्याच ठिकाणी असतो. तो नाभीवर नसेल तर कक्षा नक्की कललेली आहे.

तिरक्या सावलीतही काही गोष्टी मात्र जशाच्या तशा राहतात. लंबवर्तुळाचा मध्य सावलीतही मध्यच राहतो. एका सरळ रेषेवरच्या तुकड्यांची गुणोत्तरं बदलत नाहीत. म्हणून दिसणाऱ्या लंबवर्तुळाचा मध्य काढा, तिथून मुख्य ताऱ्याच्या ठिपक्यातून जाणारी रेषा ओढा आणि ती वक्राला मिळेपर्यंत वाढवा. मध्य ते मुख्य तारा हे अंतर भागिले मध्य ते वक्र हे अंतर, म्हणजे खऱ्या कक्षेची उत्केंद्रता. ना अंतर ठाऊक असण्याची गरज, ना कलणं. रेषा वक्राला जिथे मिळते तिथे सोबती खऱ्या अर्थाने सगळ्यात जवळ येतो, मग कागदावर तो बिंदू सगळ्यात जवळचा दिसो न दिसो.

आपण वक्र नीट काढला का, हे तपासायलाही एक खूण आहे. सोबत्याला मुख्य ताऱ्याशी जोडणारी रेषा सारख्या काळात सारखं क्षेत्रफळ व्यापते, आणि सावलीतही हा नियम टिकतो. समान वर्षांच्या तुकड्यांची क्षेत्रफळं चौकटी मोजून काढा. ती जुळत नसतील तर वक्र चुकीचा काढलाय किंवा एखादं निरीक्षण बिघडलेलं आहे.

खरा अर्धदीर्घाक्ष काढायला कलण्याचा कोन आणि कक्षेची दिशा हेही लागतात, आणि ते काम आज संगणकाकडे सोपवलेलं बरं. तयार आकडे हवे असतील तर अमेरिकी नौदल वेधशाळेने सांभाळलेली दृश्य जोडताऱ्यांच्या कक्षांची सूची आहे. तिच्यात प्रत्येक जोडीपुढे P, a, i, e असे रकाने असतात. इथला a म्हणजे कलणं काढून टाकल्यावरचा खरा अर्धदीर्घाक्ष. आकड्यांशेजारचं एककाचं अक्षर जरूर पाहा, कारण काही जोड्यांचा काळ वर्षांत, काहींचा दिवसांत दिलेला असतो. आणि प्रत्येक कक्षेला १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. १ म्हणजे भरवशाची, ५ म्हणजे नावापुरती. शिकताना १ किंवा २ प्रतीच्या कक्षाच घ्या.

चौथी पायरी : बेरीज

a³ = १९.८ × १९.८ × १९.८ = ७७६२

M = ७७६२ ÷ २५१० = ३.०९

व्याध-अ आणि व्याध-ब मिळून सूर्याच्या ३.०९ पट. (a १९.८ ऐवजी १९.७९ धरला तर उत्तर किंचित उतरतं. मधल्या पायऱ्यांत एखादा आकडा जास्तीचा ठेवावा तो यासाठीच.)

पाचवी पायरी : वाटणी

तिसऱ्या नियमाचं काम इथे संपलं. आता दोघांपैकी कोण किती जड हे पाहायचं. दोघेही गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि जड तारा त्याच्या जवळ, हलका लांब असतो. सी-सॉवर जड मूल मधल्या टेकूजवळ बसलं तरच फळी समतोल राहते, तसंच. म्हणजे प्रत्येकाचं गुरुत्वमध्यापासूनचं अंतर कळलं की वाटणी झाली.

गुरुत्वमध्य मात्र दिसत नाही. तो कळतो ताऱ्याच्या दीर्घकाळच्या चालीवरून. व्याध मागच्या दूरच्या ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे १.३ आर्कसेकंद सरकतो. तो एकटा असता तर ही चाल सरळ रेषेत असती. १८४४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने दाखवून दिलं की व्याध सरळ जात नाही, नागमोडी जातो. त्याने निष्कर्ष काढला की कोणीतरी न दिसणारा सोबती त्याला ओढतो आहे. क्लार्कला तो दिसला त्याच्या अठरा वर्षं आधी! सरळ जाणारा असतो तो गुरुत्वमध्य, आणि त्याच्याभोवतीचं डोलणं ही व्याध-अची स्वतःची कक्षा.

या डोलण्यातून व्याध-अच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष २.४९ आर्कसेकंद निघतो. दोघांचा एकत्र ७.५० होता, म्हणून व्याध-बच्या वाट्याला ५.०१ उरतात. ब साधारण दुप्पट लांब, म्हणजे साधारण निम्मा जड. नेमकं असं :

व्याध-ब = ३.०९ × (२.४९ ÷ ७.५०) = १.०३ सूर्य

व्याध-अ = ३.०९ − १.०३ = २.०६ सूर्य

सूत्रात ब साठी अचं अंतर आलं आहे, हे पुन्हा एकदा पाहून घ्या. उलटं घातलं तर वाटणी उलटी होते आणि दिसायला उत्तर ठीकच वाटतं. हबल दुर्बिणीच्या आणि जुन्या निरीक्षणांच्या आधारे प्रसिद्ध झालेली वस्तुमानं २.०६ आणि १.०२ आहेत. आपण कागद-पेन्सिलीने त्यांच्या अगदी शेजारी पोचलो.

वाटणीसाठी पराशय कुठेच लागला नाही, हे ध्यानात घ्या. दोन कोनांचं गुणोत्तर घेतलं की अंतर कटून जातं. त्यामुळे पराशय चुकीचा असला तरी "ब हा अच्या निम्मा" हे विधान टिकतं, फक्त दोघांचे आकडे एकाच पटीत बदलतात.

आता तेजाशी ताडून पाहा. व्याध-ब वजनाने अच्या निम्मा, पण तेजाने जवळजवळ दहा हजार पटींनी कमी. प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधणाऱ्याला हा तारा साफ चकवतो. १९१५ मध्ये वॉल्टर ॲडम्स याने त्याचा वर्णपट घेतला तेव्हा तो थंड लाल नसून पांढराशुभ्र तापलेला निघाला. इतका तप्त असून इतका मंद, तर तो आकाराने लहानच असणार. सूर्याएवढं द्रव्य पृथ्वीपेक्षाही थोड्या लहान गोळ्यात कोंबलेलं. हाच श्वेत बटू. त्याच्या घनतेवर विश्वास ठेवणं जड गेलं, पण वजन कक्षेतून आलेलं असल्यामुळे ते नाकारता येत नव्हतं.

उत्तरावर किती भरवसा ठेवायचा

घन आणि वर्ग यांमुळे चुका वाढतात. काळात १ टक्का चूक असेल तर वस्तुमानात २ टक्के, कोनीय अर्धदीर्घाक्षात १ टक्का असेल तर ३ टक्के, आणि पराशयात १ टक्का असेल तरी ३ टक्केच, कारण तोही घनातच जातो. हिप्पार्कोस उपग्रहाने मोजलेल्या व्याधाच्या पराशयात ०.००१६ आर्कसेकंदाची अनिश्चितता आहे, म्हणजे ०.४ टक्के. एकूण वस्तुमानात ती सुमारे सव्वा टक्का होते, सूर्याच्या ०.०४ एवढी. आपलं ३.०९ हे उत्तर तेवढ्या मागेपुढे धरावं. दूरच्या एखाद्या जोडीचा पराशय ५ टक्क्यांनी अनिश्चित असेल तर वस्तुमान १५ टक्क्यांनी डळमळतं. तिथे दशांशचिन्हापुढचे तीन आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

ज्या जोड्यांचा काळ शेकडो वर्षांचा आहे, त्यांची प्रदक्षिणा अजून कोणी पुरी पाहिलेलीच नाही. वक्राचा एक तुकडा हातात असतो आणि त्यावर लहान कक्षाही बसते आणि मोठीही. सूचीत अशा जोडीचे P आणि a दोन्ही बरेच अनिश्चित दिसतील. तरीही घाबरून सोडून देऊ नका. a वाढला की P ही वाढतो, आणि a³ ÷ P² हे गुणोत्तर दोघांपेक्षा पुष्कळ स्थिर राहतं, कारण दिसलेल्या तुकड्याची वक्रता आणि त्यावरचा वेग यांतून ओढ किती आहे हे बऱ्यापैकी ठरतं. फक्त a एका शोधनिबंधातून आणि P दुसऱ्यातून असं कधीही करू नका. दोन्ही आकडे एकाच कक्षेतले हवेत, नाहीतर ही जुळणी मोडते.

स्वतः करून पाहण्यासाठी

नरतुरंग समूहातला अल्फा सेंटॉरी घ्या. P = ७९.८ वर्षं, a = १७.५ आर्कसेकंद, पराशय ०.७५१ आर्कसेकंद. खगोलीय एककातला a २३.३ येतो आणि एकूण वस्तुमान १.९९ सूर्य. गुरुत्वमध्यापासून अ-ताऱ्याचा वाटा ८.० आर्कसेकंद आहे. म्हणून ब = १.९९ × (८.० ÷ १७.५) = ०.९१ सूर्य आणि अ = १.०८ सूर्य. इथे दोघेही सूर्यासारखेच साधे तारे आहेत, त्यामुळे वजन आणि तेज यांचा मेळ बसतो : जड तो तेजस्वी.

या जोडीला प्रॉक्सिमा हा तिसरा साथीदारही आहे. तो हजारो खगोलीय एकक लांब असल्यामुळे आतल्या दोघांच्या फेऱ्यांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. पण तिसरा तारा जवळ आणि लपलेला असेल, तर आपल्या सूत्रातून येणाऱ्या बेरजेत तोही मोजला जातो. एखाद्या जोडीचं एकूण वस्तुमान दोघांच्या वर्णपटांवरून अपेक्षित असलेल्यापेक्षा बरंच जास्त आलं, आणि पराशय चांगला असूनही फरक मिटत नसेल, तर दोघांपैकी एक स्वतःच जोडी आहे का, हे पुढे तपासायचं.